फिर्यादी चंपाबाई

बालाघाटच्या जिल्हा कोर्टात वकील पुष्कळ. टेबलाला टेबल लागलेलं आणि प्रत्येकाच्या टेबलावर "ज्येष्ठ" अशी पाटी. संघमित्रा मेश्रामच्या टेबलावर पाटी नव्हती. तिच्याजवळ एक सवय मात्र होती, आणि तिच्यावरून बाररूममध्ये तिची भरपूर टिंगल व्हायची. कुठलीही एफआयआर हातात आली की ती आधी कोऱ्या कागदावर उभ्या दोन रेघा मारायची. पहिल्या रकान्यात फिर्यादी काय म्हणतो ते, दुसऱ्यात पोलिसांनी कोणती कलमं लावली ते, आणि तिसऱ्यात, जे असायला हवं होतं पण नाही ते. "बाई भरतकाम करून राह्यली," असं लोक म्हणत. म्हणोत बापडे. तिसऱ्या रकान्यानं तिच्या पंधरा वर्षांच्या वकिलीत किती जणांना घरी पाठवलं, ते त्या टिंगल करणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

त्या दिवशी टेबलासमोर बसलेली बाई मात्र अवघडच होती. चंपाबाई, किरनापूरच्या पलीकडल्या एका गावची. तिचा नवरा महागू आठ दिवसांपूर्वी वारला होता. मुलगा राजू बापाच्या खुनाच्या आरोपात जेलमध्ये होता. आणि एफआयआरमध्ये फिर्यादी म्हणून नाव होतं ते चंपाबाईचंच.

"मॅडम, हा कागद वापस घ्या म्हना त्याईले," ती म्हणाली आणि पदरातून घडी काढली. "मी देल्ला, मीच वापस घेतो."

"तसं होत नाई मावशी. एकदा लिहिलं की तो खटला तुमचा राहत नाई, सरकारचा होते."

संघमित्रा आदल्या दिवशी जेलमध्ये जाऊन वकालतनाम्यावर राजूची सही घेऊन आली होती. बावीस वर्षांचा पोरगा, तांदळाच्या मिलमध्ये कामाला. काय झालं विचारलं तर एकच वाक्य बोलला, "मारलं मी. मायले काई विचारू नका." त्यापुढं तोंडाला कुलूप. आता तीच माय समोर येऊन बसली होती, आणि ती होती सरकारची साक्षीदार.

"हे पाहा, मी राजूची वकील आहे," संघमित्रानं स्पष्टच सांगितलं. "काय बोलायचं ते मी तुमाले शिकवनार नाई. कागदात काय आहे ते फक्त वाचून दाखवतो. चालते?"

"हौ. मले तं हिंदी लिहिलेलं येतच नाई वाचाले. अंगठा मांग्तला, देल्ला."

दोन रेघा पडल्या. संघमित्रा वाचू लागली.

घटना नऊ तारखेची, संध्याकाळी साडेसातची. ठाण्यात खबर दहा तारखेला, सकाळी अकरा वीसला. ठाण्यापासून अंतर नऊ किलोमीटर. उशीर का झाला हे लिहायची जागा कोरी. ती तिसऱ्या रकान्यात गेली. मग मजकूर: मुलगा राजू घरी आला, वडिलांशी वाद झाला, त्यानं आईबहिणीवरून घाणेरड्या शिव्या दिल्या, दांड्यानं डोक्यात मारलं आणि म्हणाला, 'आज तो बच गया, अगली बार जान से खत्म कर दूँगा.'

"असं बोलला का तो?"

चंपाबाई बावचळली. "थो? थो तं रडून राह्यलता."

संघमित्राला हसू येणार होतं, पण आलं नाही. हे वाक्य तिला तोंडपाठ होतं. शेताच्या धुऱ्याचं भांडण असो, बकरीचं असो की नळाचं, मारहाणीच्या किती फिर्यादींत हेच वाक्य, ह्याच शब्दांत. शिव्या, मार आणि धमकी लिहिली की भारतीय न्याय संहितेची ठरलेली कलमं बसतात, २९६, ११५ आणि ३५१. लिहिणाऱ्याचा हातच तसा वळलेला असतो. महागू जिवंत होता तोवर ह्या वाक्यानं कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात वारला, खुनाचं कलम १०३ वाढलं, आणि तेच भरताड वाक्य आता राजूच्या मनात खुनाचा इरादा असल्याचा पुरावा होऊन बसलं. दुसऱ्या रकान्यात तिनं १०३ लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली. जन्मठेप, नाहीतर फाशी. त्याखाली शिक्षाच नाही.

"मावशी, तुमी ठाण्यात गेल्याच काहून?"

"समझाइश द्यायले." चंपाबाईनं डोळे मोठे केले, जणू हे काय विचारणं झालं. "आमच्या गावात सगळेच नेतात. पोरगं वाकड्यात गेलं की साहेब दोन गोष्टी सांगते, दिवसभर बसवते, सोडून देते. याईनं, राजूच्या बापानं, खाटेवरून सांगतलं, बापावर हात उचलला त्यानं, जा ठाण्यात सांगून ये. मलेबी वाटलं, बापावर हात उचलनं बरं नोहे. याईचं फक्त डोकं दुखून राह्यलतं तवा. मले का मालूम मॅडम?"

ती रडली नाही. रडून झालेलं असावं. संघमित्राला मात्र पुढची ओळ दोनदा वाचूनही कळली नाही. वकिलीत असं होऊ नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी ह्या खुर्चीत येऊन बसावं.

तिनं पुन्हा कागदात डोकं घातलं. दांडा. दांड्यानं मारलं. अंगणातून दांडा जप्त. पण तो आला कुठून? मुलगा मिलमधून रिकाम्या हातानं आला असेल, तर दांडा कोणाच्या हातात होता? वाद झाला म्हणे. कशावरून? एक अक्षर नाही. आणि फिर्यादी त्या वेळी कुठं उभी होती, काय करत होती? तेही नाही. अख्ख्या कागदात ती सांगणारी होती, पण घरात कुठंच नव्हती. तिसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब झाला.

आणि तेव्हा संघमित्राचं लक्ष चंपाबाईच्या डाव्या हाताकडं गेलं. मघापासून तो पदराखाली होता. घडी काढली ती उजव्यानं, उलगडली तीही उजव्यानंच.

"हात दाखवा."

"काई नाई. पडली."

"दाखवा मावशी."

मनगटापासून कोपरापर्यंत बांबूच्या कामट्या बांधलेल्या. गावच्या हाड बसवणाऱ्याचं काम. म्हणजे दवाखान्याचा कागद नाही, ठाण्यात नोंद नाही, काहीच नाही.

"कवा?"

चंपाबाईनं हात पुन्हा पदराखाली घेतला. बाहेर टायपिंगवाल्यांची खटखट चालू होती. संघमित्रानं तिला काही सुचवलं नाही, तिला सुचवायचंही नव्हतं. पोरानं आईला ह्यात आणू नका म्हटलं होतं, आणि आई गेलेल्या नवऱ्याचं नाव राखत होती. दोघंही एकमेकांना झाकत बसले होते आणि मधल्यामध्ये कलम १०३ आरामात बसलं होतं.

"गेलेल्या मानसाचं वाईट बोलू नये," शेवटी चंपाबाई म्हणाली.

"नका बोलू. पन मॅजिस्ट्रेट विचारन तवा खरं असन तेच सांगा. फक्त तेवढंच."

"खरं सांगतलं तं पोरगा सुटन?"

"हे मी सांगू शकत नाई." असं बोलताना संघमित्राला स्वतःचाच राग आला. "आपल्या जिवाचा नाई तं दुसऱ्याच्या जिवाचा बचाव करताना मारलं, तं कायदा त्याले येगळं पाहते. पन तुमी आता बोललात तं सरकारी वकील म्हनन, एफआयआरमधी हे नोहतं, माय पोराले वाचवाले मांगून रचून राह्यली. तुमच्या तोंडावर कोनी भरोसा ठेवनार नाई. हाडावर ठेवन."

मग तिनं करता येईल तेवढं केलं. चंपाबाईला कोर्टातल्याच, गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधिक सेवेच्या कार्यालयात पाठवलं. तिला सांगितलं, तपास अधिकाऱ्याकडं अर्ज करा, मला मॅजिस्ट्रेटसमोर जबाब द्यायचा आहे म्हणा. अर्ज ते लिहितील, मी नाही. आणि आधी जिल्हा रुग्णालयात जा, डॉक्टर विचारतील तर हात कसा मोडला ते खरं सांगा.

चंपाबाई तिसऱ्या दिवशी आली. कामट्यांच्या जागी पांढरं प्लास्टर, हातात एक्स-रेचा मोठा लिफाफा. आता मात्र ती न विचारता बोलू लागली. भात करपला होता. महागूनं काठी उचलली. तिनं डोक्यावर हात आडवा धरला, तो मोडला. दुसऱ्यांदा काठी वर गेली तेव्हा राजू दारात आला. त्यानं काठी हिसकली आणि एकदाच मारलं. एकदाच. मग काठी अंगणात फेकून तिथंच रडत बसला.

संघमित्रानं फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. हाड जिथं मोडलं होतं ती रेघ तिलाही कळली. वार अडवायला हात आडवा धरला की नेमकं हेच हाड मोडतं, हे ती डॉक्टरांच्या उलटतपासण्यांतून शिकली होती. पण त्या रेघेच्या वर हाड आणखी दोन जागी जाड झालेलं होतं. डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: एक नवा अस्थिभंग, दोन जुने, जुळून आलेले.

"हे दोन कवाचे?"

"एक पोटुशी होती तवाचा. दुसरा राजू चौथीत होता तवाचा." चंपाबाईनं सहज सांगितलं, रांगेत उभं राहून रेशनकार्डाचा नंबर सांगावा तसं. "तवा थो दाराआड लपलता. नंतर मले म्हने, मी मोठा झालो की धरीन काठी."

संघमित्रानं तिसऱ्या रकान्यात लिहायला पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. खटल्याच्या दृष्टीनं हे सोनं होतं. तिला हे कळत होतं आणि म्हणूनच तिला त्या क्षणी आपल्या कामाची शिसारी आली. डोळे पुसायला तिनं चष्मा काढला आणि उगाच त्याच्या काचा घासत बसली.

चंपाबाईनं टेबलावरची एफआयआर आपल्याकडं ओढली.

"मॅडम, याच्यात राजूचं नाव कोठं हाये?"

संघमित्रानं दाखवलं. आरोपीचा तपशील, क्रमांक एक.

"अन् माहं?"

तेही दाखवलं. फिर्यादी. आणि खाली शेवटी, निळा अंगठा.

चंपाबाईनं प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं पोराच्या नावावर ठेवली. अक्षर ओळखत नव्हती, जागा ओळखली होती.

"पंचवीस वर्सं मार खाल्ला मॅडम. सासू पाहे, जेठ पाहे, शेजारी पाहेत. कोनी मधात नाई आलं. एकदा माह्यासाठी कोनी मधात आलं," ती म्हणाली, "अन् त्यालेच मी माह्या पायानं जाऊन ठाण्यात देऊन आली."