छापलंय ते वाच, भाग्या

हिंगमिरेबाईंच्या नजरेतून चूक सुटली, असं सोलापुरात कुणी म्हटलं असतं तर ऐकणाऱ्यानं त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण गेल्या वर्षी सुटली. पहिलीच्या मुलांच्या वाचनपुस्तकात ‘झाडावर पाच फळ आहेत’ असं चक्क छापून गेलं आणि शिक्षकांनी बोंब ठोकली. फळ नव्हे हो, फळे! पहिलीच्या पुस्तकात!

छापखान्याचे मालक होनराव तसे गोड बोलणारे. यंदा नव्या पुस्तकाचं काम देताना त्यांनी गोडच सांगितलं, “बाई, परत असं झालं तर काम पुण्याला जाणार. काम गेलं की तुमची खुर्ची मी कशाच्या जोरावर ठेवू?”

बाईंनी नवा चष्मा केला. तरी धाकधूक जाईना. उभं आयुष्य प्रुफं तपासण्यात गेलेली बाई, स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडाला म्हणजे काय होतं ते तिलाच ठाऊक. मग मालकांनी मदतीला भाग्यलक्ष्मी चिप्पा दिली. साखर पेठेतली, घरी तेलुगू, शाळा मराठीत दहावीपर्यंत. तिनं प्रूफ मोठ्यानं वाचायचं, बाईंनी मूळ हस्तलिखित पुढ्यात धरून ऐकायचं, असं ठरलं.

पहिल्याच दिवशी खटका उडाला.

“हे एक घर आहे. ही चार घर आहेत,” भाग्या एकेक अक्षर सुटं करत वाचू लागली.

“घरे!” बाई कडाडल्या. “अगं, चार म्हटलं की घरे. एक फूल, दहा फुले. एक वासरू, दोन वासरे. तोंडाला वळण लाव जरा.”

“पण बाई...”

“पण नाही न् बिण नाही. पुढे.”

“हे एक पुस्तक आहे. ही पाच पुस्तक आहेत.”

“पुस्तके! भाग्या, कानात बोळे घातलेत का?”

भाग्या खाली मान घालून हसली. “आमच्यात पुस्तकं म्हटलं की एकच असतं, बाई. जास्त असली की पुस्तकालु.”

“मग आता सोलापुरात छापायचं का पुस्तकालु?” बाईंनाही हसू फुटलं, पण शिकवणं काही सोडलं नाही. हाडाची मास्तरीण होती ती. जेवणाच्या सुट्टीत कडक भाकरी शेंगाचटणीशी मोडतानासुद्धा चालूच. “केळे?” “केळी.” “तळे?” “तळी.” “पिवळे फूल?” “पिवळी फुले.” पोरगी हुशार. आठवडाभरात असं घडाघडा वाचायला लागली की बाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटल्या, “बघा, माझ्या हाताखाली आली आणि कशी तयार झाली!”

एकामागून एक फर्मे, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचे ताव, बाईंची सही होऊन आत गेले. मूळ प्रतीशी शब्दन् शब्द जुळत होता. बाईंना रात्री शांत झोप लागू लागली.

उरलं फक्त शेवटचं पान. त्यावर मुलांसाठी स्वाध्याय होता, ‘चूक शोधा’. लेखिकेनं मुद्दाम चुकीची वाक्यं घातली होती, मुलांनी ओळखायची. सकाळचं कोवळं ऊन टेबलावर आलं होतं, मशीन अजून सुरू व्हायचं होतं, आणि भाग्या खणखणीत आवाजात वाचत होती.

“पावसात चार घरे पडली. गाईला दोन वासरे आहेत. तळ्यात खूप बदके पोहतात.”

बाईंनी हस्तलिखितात पाहिलं. तिथं होतं, ‘पावसात चार घर पडली.’ खाली, ‘गाईला दोन वासरू आहेत.’ त्याखाली, ‘तळ्यात खूप बदक पोहतात.’

“या जुबेरला काय म्हणावं!” त्या वैतागल्या. जुबेर म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी करणारा. “अरे जुबेर! शहाण्या, चुका दुरुस्त करून ठेवल्यास? मग पोरांनी शोधायचं काय, तुझं डोकं?”

“मी कशाला करू?” जुबेर पलीकडून ओरडला. “लिहिलंय तसं मारलंय. बघा ना कागद.”

बाईंनी भाग्याच्या हातातून प्रूफ ओढलं. चार घर. दोन वासरू. खूप बदक. जुबेर खरं बोलत होता.

“भाग्या,” बाईंचा आवाज एकदम उतरला, “तू काय वाचलंस?”

“घरे, वासरे, बदके. बरोबर ना, बाई?”

“पण छापलंय काय?”

भाग्यानं पाहिलं. परत पाहिलं. “अय्यो,” ती पुटपुटली. “चार दिसलं की तोंडच घरे म्हणतं आता.”

बाईंनी पहिला फर्मा मागवला, वाक्यावर पट्टी धरली आणि एकेका अक्षरावर बोट टेकवलं. ‘ही चार घर आहेत.’ खाली ‘ही पाच पुस्तक आहेत.’ पहिल्या दिवशी भाग्यानं वाचलेलं, जसंच्या तसं! जुबेरनं एकवचनाची ओळ उचलून खाली चिकटवली होती, ‘हे’चं ‘ही’ केलं, ‘आहे’चं ‘आहेत’ केलं, आणि मधला शब्द राहून गेला. मागंपुढं सगळं अनेकवचनी, म्हणून सरावलेला डोळा ‘घर’वरून घसरत ‘घरे’ वाचून मोकळा होत होता. गेल्या वर्षी ‘फळ’ असंच निसटलं होतं. चष्म्याचा दोष नव्हताच मुळी. घसरत नव्हती ती एकटी भाग्या, आणि तिला बाईंनी रागावून रागावून घसरायला शिकवलं होतं.

बाईंना रडूच कोसळायचं, पण आत मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. पदर खोचून त्या धावल्या.

“बंद करा! मालक, बंद करा ते!”

होनराव कागद बघून लालबुंद झाले. “सही तर तुमचीय! कुणी केलं हे?”

“मी, मालक,” भाग्या मागून घाईनं म्हणाली. सगळं आपलंच चुकतं, हेही ती आठवडाभरात शिकली होती. “मी वाचताना चुकले.”

बाईंना ते शब्द चपराकीसारखे लागले.

“ती नाही चुकली,” त्या म्हणाल्या. “तिनं पहिल्या दिवशी छापलेलं तेच वाचलं. मी तिलाच दुरुस्त करत बसले, कागदाकडे बघितलं नाही. खुर्चीचं काय करायचं ते करा. पण आजचा दिवस आम्हा दोघींना द्या, आणि हिला काढू नका.”

होनरावांनी हनुवटी खाजवली. “संध्याकाळपर्यंत,” ते म्हणाले. “मग बघू.”

दोघी टेबलाशी बसल्या. या वेळी बाईंनी भाग्याला आपल्याला खेटून खुर्ची ओढायला लावली.

“वाचणार मी. माझं तोंड बिघडलेलंच आहे, ते चूक खाऊन टाकणार. तू माझ्याकडे लक्ष देऊ नकोस, अक्षरांकडे बघ. मी छापलेल्याहून वेगळं काही म्हटलं की मला अडव.”

“तुम्हाला? मी?”

“मग कोण, जुबेर?”

बाई वाचू लागल्या. एक पान झालं, दुसरं झालं. भाग्या गप्प. “अंगणात तीन मांजरे आहेत. ताटात सहा लिंबे आहेत.” बाई थांबल्या. शेजारी पोरीचा श्वास अडकल्याचं त्यांना जाणवलं होतं.

“काय आहे गं?”

“काही नाही, बाई.”

“भाग्या.”

“...लिंबू छापलंय.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही मोठ्या आहात. अडवायचं कसं?”

बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. “चुकलं गं माझं,” त्या म्हणाल्या. “तू बरोबर होतीस आणि मी तुला गप्प केलं. आता तू गप्प बसलीस तर या पुस्तकाला माझ्यापासून वाचवणारं इथं कुणी नाही.”

लाल पेनानं लिंबूचं लिंबे झालं. बाईंनी पान उलटलं आणि नेहमीच्या ठसक्यात सुरुवात केली, “रानात उंच झाडे आहेत. झाडांवर पाखरे...”

“थांबा!”

इतक्या मोठ्यानं, की आत मशीनपाशी उभे असलेले होनराव दारात आले.

“पाखरू छापलंय,” भाग्या उठून उभी राहत म्हणाली. “बसा, बाई, नीट. कागदाकडे बघा आधी.”

बाईंनी मुकाट्यानं कागदाकडे पाहिलं.