पाणी बरं हाय का?

हडपसरला मुख्य रस्त्यामागच्या गल्लीत द्वारकाचं सलून एकोणीस वर्षं नीट चाललं आणि विसाव्या वर्षी बायका गुपचूप येईनाशा झाल्या. भांडून गेल्या असत्या तर द्वारकाला चाललं असतं, भांडणात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण या बायका जाताना गोड हसून ‘येते हं’ म्हणायच्या आणि पुन्हा तोंड दाखवायच्या नाहीत. दिवाळीनंतर तर हेअर स्पासाठी नेमाने येणाऱ्या अर्ध्याअधिक बायका गळाल्या. द्वारकाने आरसे बदलले, खुर्च्यांना नवं कव्हर घातलं, कोपऱ्यात एक महागडं रोपटंही आणून ठेवलं. त्या रोपट्यासाठी कोण येणार होतं, कोण जाणे.

आयटी पार्कात नोकरी करणारी शेफाली दर महिन्याला केस कापायला यायची. तिने सुचवलं, “काकू, अंदाज काय बांधता? प्रत्येकीला काम झाल्यावर विचारा ना.”

द्वारकाने ते लगेच मनावर घेतलं. वीस प्रश्नांचा कागद छापून आणला आणि केस वाळवून झाले की बाईच्या हातात पेन द्यायला लागली. बाई लिहायची तेव्हा ही शेजारी उभी. पंधरा दिवसांत साठ कागद जमले आणि साठही कागदांवर वरपासून खालपर्यंत ‘उत्तम’.

शेफालीने ते चाळले आणि कपाळाला हात लावला. “छानच. मग सलून रिकामं का आहे?”

“तेच तर मी विचारतेय.”

“अहो काकू, तुम्ही डोळे वटारून शेजारी उभ्या. कोण खरं लिहील? आणि वीस प्रश्न! बाईला घरी जायचं असतं.”

तिने तिथेच फोनवर नवा फॉर्म केला. प्रश्न चारच. थांबावं किती लागलं, केस धुणं कसं वाटलं, काम मनासारखं झालं का, बोलणं-वागणं कसं होतं. प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि शेवटी एक मोकळी ओळ: एकच गोष्ट बदलायची असेल तर कोणती? नाव विचारायचं नाही. बाई घरी पोचल्यावर, दोनेक तासांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवायची. तारीख फॉर्मवर आपोआप पडणार होती. “एकदम सगळं विचारलं की सगळंच ठीक असतं,” शेफाली म्हणाली. “टप्प्याटप्प्याने विचारलं की दुखतं कुठे ते कळतं.”

महिन्याभरात दीडशे लिंका गेल्या, बावन्न उत्तरं आली. थांबण्याला चार, कामाला साडेचार, बोलण्याला तर जवळजवळ पाच. केस धुण्याला मात्र जेमतेम अडीच. मोकळ्या ओळीत पुन्हा पुन्हा तेच होतं. पाणी फार गरम. डोकं भाजलं. एकीने लिहिलं होतं, ‘मावशी इतक्या प्रेमाने धुतात की सांगायला जीव होत नाही, म्हणून दुसरीकडे जाते.’

द्वारकाने गीझरवाल्याला बोलावलं. त्याने गीझर खोलून बघितला, नळ बघितला आणि काही बिघडलेलं नाही असं सांगून निघून गेला. मग शेफालीने उत्तरं तारखेप्रमाणे लावली. गुरुवारी धुण्याला साडेचार गुण होते. बाकीच्या वारी दोन.

गुरुवारी केस धुणाऱ्या मथुराबाईंची सुट्टी असायची. त्या दिवशी बेसिनपाशी सृष्टी असायची, गेल्याच वर्षी लागलेली मुलगी.

मथुराबाई म्हणजे या सलूनमधलं पहिलं माणूस. एकाच खुर्चीवर दुकान सुरू झालं तेव्हा गावठाणातल्या या बाई मदतीला आल्या आणि मग इथल्याच झाल्या. डोकं चोळावं तर मथुराबाईंनी, असं बायका एकमेकींना सांगायच्या. आता त्यांना बेसिनपासून उठवायचं कसं? साठीच्या बाईला दुसरं काम काय द्यायचं? दोन दिवस द्वारकाला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सलून रिकामं होतं. द्वारका बेसिनपाशी आली. “मावशी, जरा पाणी सोडा. नेहमी सोडता तसं.”

मथुराबाईंनी नळ फिरवला, बोटं धारेखाली धरली, थोडा आणखी फिरवला. “घे. कोमट हाय.”

द्वारकाने हात घातला आणि झटकन मागे घेतला. मथुराबाईंची बोटं अजून त्या वाफाळत्या धारेतच होती. तर्जनीवर तव्याच्या चटक्याची वाळलेली खपली दिसत होती.

“मावशी, तुम्हाला लागत नाही?”

मथुराबाईंनी नळ बंद केला. पदराला हात पुसले. “मुंग्या येत व्हत्या आधी,” त्या म्हणाल्या. “मग त्याबी थांबल्या. म्हनलं बरं झालं.”

“आणि सांगितलं नाहीत?”

“सांगून काय करू? हात गेले तर माझं हितं काय काम हाय?”

द्वारकाने सृष्टीवर सलून सोपवलं आणि त्याच दुपारी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. मथुराबाईंची साखर बारा वर्षांची जुनी, गोळ्या आठवण येईल तशा. डॉक्टरांनी बोटांना टाचणी लावून बघितली, गार-गरम लावून बघितलं. तळपायांनाही लावलं, तिथेही तेच. साखरेने नसा खाल्ल्या होत्या. “दिवाळीला आला असतात तर बरंच सांभाळता आलं असतं,” ते म्हणाले. “आता पुढचं थांबवू. गेलेलं परत येईल असं मी सांगणार नाही.”

परतताना दोघी रिक्षात बसल्या. द्वारकाने मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं. गीझर कमीवर लावायचा, बेसिनला सृष्टी, आणि मावशींनी कोरड्या डोक्याला तेल चोळायचं. त्याला कुठे गरम-गार कळावं लागतं? तिने ते सांगितलंही. मथुराबाईंनी मान हलवली. त्यांचं लक्षच नव्हतं.

“त्या फोनात कोन कोन लिहितंय?” त्यांनी विचारलं.

“नावं नसतात, मावशी.”

“मी लपवलं, ती माझी चूक. पर मी दर बाईला इचारत व्हते. पाणी बरं हाय का? रोज इचारलं, परतेकीला. मला कळत न्हाई म्हनून त्यांच्या तोंडावर इसंबून व्हते मी. सगळ्या म्हनायच्या, बरं हाय मावशी. एकीनं जरी म्हनलं असतं, तर मी कवाच डागदरकडं गेले असते.”

सिग्नलला गाड्या तुंबल्या होत्या.

“अन् तू,” मथुराबाई म्हणाल्या, “दर सोमवारी सकाळी माझ्याच हातनं डोकं धुऊन घेतीस. तुलाबी कळलं न्हाई?”

नाही म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. द्वारकाच्या ओठांवर ते आलंही होतं.

“कळत होतं, मावशी. दिवाळीपासून चटका बसत होता.”

“मग ‘बरं हाय’ असं का म्हनलीस, पोरी?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

मथुराबाईंनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि एका हाताने दुसऱ्याची बोटं एकेक करून दाबून बघितली.

“आता लई बरं वाटतंय बघ,” त्या म्हणाल्या.