बापूजींइतकंच मध्यम

हिंगण्याच्या पंपांच्या कारखान्यात माल रवाना करणारं खातं गोपाळरावांच्या हाताखाली होतं. खात्यात माणसं दहा, आणि त्या दहांपैकी काम करणारं माणूस एकच, ते म्हणजे चारुशीलाबाई. बाकीचे नव्हते करत असं नाही. करायचे, पण त्यांनी केलेलं मग चारुशीलाबाई नीट करायच्या. तीन वर्षांत एकही ट्रक चुकीचा माल घेऊन चुकीच्या गावाला गेला नव्हता, आणि हे का होतं ते ट्रक ड्रायव्हरांनासुद्धा ठाऊक होतं.

तर अशा या सुखी खात्यावर त्र्याऐंशीच्या एप्रिलमध्ये मुंबईच्या मुख्य कचेरीतून एक परिपत्रक येऊन आदळलं. आता सगळ्यांनाच 'उत्तम' देऊन चालणार नाही. दहा माणसांत एक उत्कृष्ट, दोन उत्तम, चार मध्यम, दोन कमी आणि एक निकृष्ट! पर्सोनेल खात्याच्या, म्हणजे माणसांच्या नोंदी ठेवणाऱ्या, मधुकररावांनी फळ्यावर घंटेसारखी एक रेघ काढली आणि म्हणाले, "जगात कुठंही माणसं मोजा, ती अशीच पसरलेली असतात."

"पण माझ्याकडं दहाच आहेत," गोपाळराव म्हणाले.

"दहाही तशीच पसरलेली असणार. तुम्ही नीट बघितलं नसेल."

गोपाळराव चार दिवस नीट बघत बसले. उत्कृष्टाची जागा एकच, आणि तिच्यावर देवराव आधीच येऊन बसलेले. देवराव म्हणजे सेवानिवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, आवाज मोठा असलेला माणूस. त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, "मले उत्कृष्ट नाही भेटलं त मी जेवणार नाही. इथं टेबलावर बसून जेवणार नाही." उत्तमच्या दोन जागांपैकी एक रुपरावाला द्यावी लागली, कारण तो युनियनचा चिटणीस. दुसरी श्रीधरला, कारण तो वरच्या साहेबांचा भाचा. निकृष्टाचं मात्र सोपं झालं. एक जण बँकेत लागला होता, पुढच्या महिन्यात निघणार होता, आणि उशिरा येण्याबद्दलची लेखी समज त्याला चार महिन्यांपूर्वीच मिळालेली होती. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "द्या की साहेब, माझं काय जातंय!" कमीच्या जागी दोन नवी पोरं गेली.

राहिले चार मध्यम. त्यात दोघं खरोखरच मध्यम होते, त्यांच्याबद्दल काही बोलायला नको. तिसरे बापूजी.

आता बापूजी गेल्या नऊ डिसेंबरला वारले होते. दिवसभर काम केलं, घरी गेले, जेवून हात धुतले आणि गेले. गोपाळरावांनी आधी त्यांनाच निकृष्टात टाकलं होतं. म्हणजे मनात काही वाईट नव्हतं, पण गेलेला माणूस भांडायला येत नाही ना! मधुकररावांनी तो कागद परत पाठवला.

"निकृष्ट द्यायचं तर तीन महिने आधी लेखी समज द्यावी लागते. दिली होती?"

"अहो, ते वारले."

"ते कारण झालं, समज नाही झाली."

"मग त्यांचं नावच काढून टाका."

"कसं काढू? त्यांनी वर्षातले आठ महिने काम केलंय. सहा महिन्यांवर काम केलं की श्रेणी द्यावीच लागते. आणि त्यांच्या देण्याघेण्याचा हिशेब पूर्ण झाला नाही म्हणून मार्चअखेर नाव पटावर आहे. अशा वेळी मध्यम द्यायचं असतं. नियम आहे."

त्यामुळं बापूजी मध्यम झाले. उरली एक मध्यमची जागा आणि उरल्या चारुशीलाबाई. गोपाळरावांनी डोळे मिटले आणि नाव लिहून टाकलं. का लिहिलं, तर त्या समजूतदार होत्या म्हणून. देवराव जेवण सोडतील, रुपराव गेट अडवील, भाचा मामाकडं जाईल. चारुशीलाबाई काय करणार? समजून घेतील. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नंदनवनहून दोन बस बदलून रोज पावणेदहाला टेबलावर हजर असणारी बाई ती, समजून घेण्याची तिला सवयच होती.

पण लाज वाटायची ती वाटलीच. कारण पुढच्या जानेवारीत वरिष्ठ सहायकाची जागा भरायची होती, आणि मुलाखतीला फक्त उत्कृष्ट आणि उत्तमवाल्यांनाच बोलावणार होते. त्या जागेची वाट चारुशीलाबाई सहा वर्षं बघत होत्या. हे गोपाळरावांना माहीत नव्हतं असं अजिबात नाही.

मध्यम कसं समजावून सांगायचं याची एक पुस्तिकाही मुंबईहून आली होती. आधी पाणी द्यावे. मग दोन गुण सांगावेत, मग एक दोष, मग पुन्हा एक गुण. गोपाळरावांनी पाण्याचा पेला मागवला आणि चारुशीलाबाईंना समोर बसवलं.

"तुमचं काम फार चांगलं आहे."

"हो साहेब."

"अक्षरही चांगलं आहे." दोन गुण झाले. आता दोष. गोपाळराव छताकडं बघू लागले. पंखा गरगरत होता, तो काही सुचवीना. "तर असं आहे, की... तुम्हाला मध्यम मिळालंय."

चारुशीलाबाईंनी पेला खाली ठेवला.

"मी कुठं चुकली साहेब?"

"चुकलात असं नाही."

"मग कोणतं काम राहिलं?"

"राहिलं असंही नाही."

"मग काहून?"

बघा आता! या प्रश्नाला पुस्तिकेत उत्तर नव्हतं. गोपाळरावांनी कागदावर घंटा काढली, इकडं थोडी माणसं, तिकडं थोडी माणसं, मध्ये पुष्कळ माणसं, आणि मध्ये असणं म्हणजे कसं सगळ्यांबरोबर असणं, वगैरे वगैरे. बाई ऐकत राहिल्या. त्या गप्प राहिल्या की गोपाळरावांना फार घाम यायचा. त्या घामातच त्यांच्या तोंडून गेलं, "अहो, मध्यम म्हणजे वाईट नव्हे. आपल्या बापूजींनासुद्धा मध्यमच आहे."

चारुशीलाबाईंनी घंटेवरून नजर वर उचलली.

"बापूजी त वारले साहेब."

"हो, पण नियमाप्रमाणं..."

"म्हणजे मी वर्षभर केलं ते, आन् बापूजीनं मरून केलं ते, दोन्ही सारखंच?"

"तसं नाही हो..."

"नाही, नाही. समजलं मले," चारुशीलाबाई उठल्या. जाताना पेला उचलून जागेवर ठेवायलाही विसरल्या नाहीत.

गोपाळरावांना वाटलं, सुटलो! खरंच समजून घेतलं बाईनं. त्या रात्री ते पोटभर जेवले. पण महिन्याभरानं परिपत्रक चाळताना त्यांना आठवा परिच्छेद दिसला. दिलेली श्रेणी बदलता येईल, पण खातेप्रमुखानं चूक कोणाची ते लेखी द्यावं, आणि ते त्याच्या स्वतःच्या नोंदीत राहील. गोपाळरावांनी तो परिच्छेद दोनदा वाचला आणि परिपत्रक खणात खाली घातलं.

एप्रिल गेला, उन्हाळा गेला, पोळा गेला, दिवाळी गेली. चारुशीलाबाई रोज येत होत्या, कामात तीळभर फरक नव्हता. फक्त टेबलावरच्या कॅलेंडरवर त्यांनी एका तारखेभोवती लाल गोल केला होता. गोपाळरावांना वाटलं, घरात कोणाचं लग्न असेल.

ती तारीख नऊ डिसेंबर होती.

दहा डिसेंबरला चारुशीलाबाई पावणेदहाला आल्या, पदर खोचला, खुर्चीवर बसल्या आणि हाताची घडी घातली. अकरा वाजता देवरावांनी चलनांचा गठ्ठा त्यांच्यापुढं टाकला, नेहमीसारखा. त्यांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"बाई, बरं नाही काय वं?"

"बरं आहे देवरावजी. बापूजीनं नऊ तारखेपर्यंत केलं, मी बी केलं. आता मार्चपर्यंत बापूजी करून राहिले तेवढंच मी करून राहिली."

पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवशी अकोल्याचे पंप अमरावतीला गेले. चौथ्या दिवशी अमरावतीचे पंप परत आले आणि त्यांच्यासोबत भांडायला एक व्यापारीही आला. आठवड्याभरात फाटकापाशी अकरा ट्रक उभे! उत्कृष्ट देवराव कपाळाला हात लावून बसले, उत्तम रुपराव म्हणाला की हे युनियनच्या कामात येत नाही, आणि उत्तम श्रीधर रजेवर गेला. चारुशीलाबाई आपल्या वेळेवर यायच्या, वेळेवर जायच्या, कोणी बोललं तर गोड बोलायच्या.

गोपाळराव पर्सोनेलकडं धावले. "काहीतरी करा! समज द्या!"

मधुकररावांनी फाईल उघडली. "काय म्हणून देऊ? मध्यम माणसाकडून मध्यम कामाची अपेक्षा असते. गेल्या साली असंच काम करणाऱ्याला तुम्हीच मध्यम दिलंय. तुमची सही आहे."

मुंबईहून फोन आला. मोठे साहेब ओरडत होते, "किती माणसं गैरहजर आहेत तुमच्याकडे?"

"एकही नाही साहेब. फक्त एक जण काम करत नाहीत."

"एक? मग उत्कृष्ट असेल तो!"

"नाही साहेब. मध्यम."

साहेबांचं ओरडणं थांबलं. मग साहेब हळूच म्हणाले, "गोपाळराव, ही श्रेणी दिली कोणी?"

फोन ठेवून गोपाळराव खिडकीशी उभे राहिले. बाहेर ट्रकवाले चहा पीत होते, मालाच्या पावतीची, बिल्टीची, वाट बघत. त्यांनी खणातून परिपत्रक वर काढलं, आठवा परिच्छेद पुन्हा वाचला, कोरा कागद घेतला आणि लिहिलं. मग तो कागद घेऊन स्वतः चालत चारुशीलाबाईंच्या टेबलापाशी गेले. बोलवून घेतलं नाही, आणि पाणीही मागवलं नाही.

"चारुशीलाबाई, तुम्ही कुठं चुकलात असं विचारलं होतं. कुठंच नाही. बाकीचे भांडले असते. तुम्ही समजून घ्याल, म्हणून तुमच्या वाट्याचं मी दुसऱ्याला दिलं. मी भ्यालो हो. चूक माझी आहे, इथं तसं लिहिलंय."

चारुशीलाबाईंनी कागद वाचला. वाचता वाचता त्यांचे डोळे भरून आले, आणि त्या रागावल्याही.

"एवढंच त ऐकाचं होतं साहेब. एप्रिलातच. आठ महिने रोज वाट पाह्यली मी, आज सांगतील, उद्या सांगतील. म्हणून त काम सोडलं नाही तवरी."

गोपाळरावांनी मान हलवली. मग तो कागद शिपायाहाती पर्सोनेलला पाठवला.

चारुशीलाबाईंनी घडी घातलेले हात सोडवले, पेन काढलं आणि पहिला गठ्ठा पुढं ओढला. संध्याकाळपर्यंत सात ट्रक निघाले.

कागद मात्र दुपारीच पर्सोनेलहून परत आला. मधुकररावांनी लाल शाईत शेरा लिहिला होता : चूक मान्य. चारुशीलाबाई उत्कृष्ट, मुलाखतीस पात्र. परंतु उत्कृष्ट एकच असल्याने आधीच्या उत्कृष्टांस मध्यमात आणून त्यांना खातेप्रमुखांनी समक्ष समजावून सांगावे.

देवराव टेबलावर डबा उघडून बसले होते. गोपाळरावांनी शेजारची खुर्ची ओढली.

"देवरावजी, तुमचं अक्षर फार चांगलं आहे."

देवरावांचा घास हातातच राहिला. "काहून गा साहेब? काय झालं?"

गोपाळराव छताकडं बघू लागले. तेवढ्यात चारुशीलाबाई उठल्या, माठातून पाण्याचा पेला भरून आणला आणि देवरावांच्या डब्याशेजारी ठेवला.

"घंटा नका काढू साहेब," त्या म्हणाल्या. "खरं तेच सांगा."