लाल गुलाब तेवढे

मी अंबादासकाकांच्या घरच्या लग्नाचा अल्बम लावून राहिली होती, तेवढ्यात नवरीचाच फोन आला. काकांची विनीता, बंगळूरवरून.

"बेबीदीदी, स्टेजवरचा तो मोठा फोटो आहे ना, त्याच्यात फक्त गुलाब लाल ठेवा. बाकी सगळं ब्लॅक अँड व्हाइट."

"अगं, काहून? इतके छान रंग आलेत."

"स्टाइल आहे दीदी. आजकाल सगळेच करतात."

स्टाइल! इथं गढा भागात माझा स्टुडिओ कधीचा, अन् ही मला स्टाइल शिकवते. फोटोत ती पांढऱ्या साडीत, हातात गुलाबांचा गुच्छ, आणि मागे काकांनी स्वतः शिडीवर चढून लावलेला निळा कपडा, निळ्या पताका. आमच्या लोकांतलं लग्न आहे हे बघणाऱ्याला लगेच कळतं. मी खोदून विचारलं तेव्हा बोलली, "ऑफिसवाले बघतील, दीदी. मी तिथं कोणाला सांगितलं नाही."

माझं डोकंच तडकलं. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. फोटोवर एक लेयर टाकून सगळा रंग उडवला, मग मास्कवर काळा ब्रश फिरवून गुलाब तेवढे उघडे केले. नुसता लाल निवडून भागत नाही. चेहऱ्यात, हातातही लाल असतो, तो राहून जातो. बोटांमधल्या पाकळ्या वेगळ्या काढताना डोळे फुटायची वेळ आली. मागचा निळा पार राखाडी झाला.

मग रागारागात दुसरी कॉपी बनवली, उलटी. निळा सोडून बाकी सगळे रंग शून्यावर. चेहऱ्यात निळा नसतो, म्हणून मेहनतच नाही. साडीच्या सावलीत जरा निळसर राहिलं, तेवढं पुसलं. गुलाब राखाडी, विनीता राखाडी, आणि मागचं निळं असं उठून आलं की बस! हा काकांना देणार, भिंतीवर लावायला. बघू दे पोरीला माहेरी आली की.

संध्याकाळी काका आले. दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. लालवाला बघून म्हणाले, "आपला कपडा कुठं गेला?"

"तिथंच आहे काका. तुमच्या पोरीनं रंग काढायला लावला." कारणही सांगून टाकलं.

काका खाली बसले. निळ्या फोटोकडे पाहता पाहता त्यांचे डोळे भरले. मला वाटलं, चला, जिंकलो.

"हा छान बनवला बेटा," ते म्हणाले. "पण फ्रेम लालवाल्याची कर."

"काका! तुमच्या भिंतीवर?"

"तिच्यासोबत ऑफिसचं कोणी आलं तर? लाजेल पोरगी. मग यायचीच नाही."

काका उठले, दारापाशी थांबले.

"आमची समोरची खोली निळी आहे ना, बेटा. ती पण रंगवून घेतो. हाच राखाडी बरा दिसेल का?"