'उपेंद्रवज्रा'वरची बरोबरची खूण

वसमतच्या त्या शाळेत कुमुदिनी लोमटे बाई मराठी शिकवायच्या. दिवाळीच्या सुट्टीत त्यांचे यजमान गेले. मोंढ्यात हळदीच्या सौद्याला उभे होते, खाली बसले ते उठलेच नाहीत. सुट्टी संपली तशा बाई शाळेत रुजू झाल्या. साडी नीट नेसलेली, केस नीट विंचरलेले, तासाला वेळेवर हजर. पाहणाऱ्याला वाटावं, सावरल्या बाई. खरं म्हणजे सावरायला आधी कोसळावं लागतं, आणि बाई कोसळल्याच नव्हत्या. त्यांना रडू आलं नव्हतं. काहीच आलं नव्हतं. दाताच्या डॉक्टरानं सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळंच झालं होतं.

शाळेनं त्यांना जपलं. मुख्याध्यापक गुट्टे सरांनी त्यांच्यावरची परिपाठाची जबाबदारी काढून घेतली. स्नेहसंमेलनाच्या कामातून त्यांना वगळलं. शिक्षकांच्या खोलीत त्या आल्या की मोठ्यानं चाललेलं हसणं हळू व्हायचं. कुणी काही विचारलं तर तेवढंच, "बाई, चहा घेता का?" बाई घ्यायच्या. अर्धा राहायचा.

दहावीच्या वर्गाची अलंकार आणि वृत्तांची कृतिपत्रिका त्यांनी डिसेंबरात घेतली. प्रश्न त्या नेहमी स्वतः तयार करत. मार्गदर्शकातली ओळ दिली की पोरं उत्तर पाठ करून येतात, म्हणून ओळीही स्वतःच्या. यंदा नवीन काही सुचलं नाही, तेव्हा त्यांनी पाच-सहा वर्षांपूर्वीची जुनी पत्रिका काढून तशीच छापायला दिली. गठ्ठा दोन दुपारी मोकळ्या तासांना बसून तपासला, गुण नोंदवले आणि वर्गात वाटून टाकला.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत आम्रपाली खिल्लारे शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. हातात दोन पत्रिका होत्या. आत बाई एकट्याच होत्या.

"बाई, येऊ का?"

"ये. काय गं?"

आम्रपालीनं दोन्ही पत्रिका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक तिची, दुसरी तिच्या बाकावरच्या तेजल सूर्यतळची. दोघींना पैकीच्या पैकी. ती एका प्रश्नावर बोट ठेवून म्हणाली, "इथं तेजलनं इंद्रवज्रा लिहिलंय आन् मी उपेंद्रवज्रा. दोघींचं बरोबर आहे. एकाच ओळीला दोन वृत्तं कशी?"

बाईंनी पाहिलं. ओळ होती:

पक्षी उडाला नभ मोकळे हे

तेजलच्या उत्तरावर लाल शाईची बरोबरची खूण. आम्रपालीच्या उत्तरावर तशीच, त्याच वळणाची.

"आणि हे पण," आम्रपालीनं पान उलटलं. 'हे ऊन नव्हे, ही तर अंगणात वाळत घातलेली हळद' या ओळीचा अलंकार ओळखायचा होता. आम्रपालीनं अपन्हुती लिहिलं होतं, तेजलनं उत्प्रेक्षा. दोन्हींवर खुणा.

बाईंनी दोन्ही खुणा पुन्हा पाहिल्या. आपण या पत्रिका तपासल्या, हे त्यांना माहीत होतं. पेन हातात होतं, पानं उलटली होती. पण यातलं एक उत्तरसुद्धा वाचल्याचं त्यांना आठवेना.

"राहू द्या बाई," आम्रपाली म्हणाली, पण पत्रिका उचलल्या नाहीत. "मला फक्त कळायला पायजे, माझं चुकलं का तिचं."

गेल्या दोन महिन्यांत बाईंनी 'राहू द्या' हे शब्द अनेकदा ऐकले होते. ते म्हणून माणसं निघून जायची. ही पोरगी मात्र टेबल धरून उभी होती.

"अलंकारात तेजलचं चुकलंय," बाई म्हणाल्या. आवाज सपाट होता, पण वीस वर्षं शिकवलेलं ओठांवर आपोआप येत होतं. "हळदीसारखं ऊन म्हटलं तर उपमा. ऊन म्हणजे जणू हळदच म्हटलं तर उत्प्रेक्षा. उन्हाची हळद अंगणभर पसरली म्हटलं, दोन्ही एकच केलं, तर रूपक. इथं ते ऊन आहे हेच नाकारलंय. ऊन नव्हेच, हळद आहे. नाकारलं की अपन्हुती."

"आन् वृत्त?"

"वृत्तात तुझं चुकलंय. गण पाड बरं, माझ्यासमोर."

आम्रपालीनं तिथंच समासात अक्षरं तोडली. 'प'वर लघूचा अर्धचंद्र, 'क्षी'वर गुरूची आडवी रेघ, 'उ'वर पुन्हा लघू. "ज गण. मग त, मग ज, मग दोन गुरू. ज त ज ग ग. उपेंद्रवज्रा."

"पहिलं अक्षर सोडून सगळं बरोबर आहे. 'प' गुरू आहे. त त ज ग ग. इंद्रवज्रा."

"'प' तर ऱ्हस्व आहे."

"पुढे जोडाक्षर आहे."

"हां, तो नियम म्हाईत आहे मला. पण मग 'तुम्ही' मधला 'तु' का लघू धरायचा? तिथं पण जोडाक्षरच आहे की. तुम्हीच सांगितलं होतं, आठवीत. म्हणून म्हटलं, हे पण तसंच असंल."

बाईंनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. चूक होती, पण आळसाची नव्हती. पोरीनं विचार करून चूक केली होती, आणि त्यावर आपण विचार न करता बरोबरची खूण केली होती.

"नियम डोळ्यानं लावू नकोस, तोंडानं लाव," त्या म्हणाल्या. "'तुम्ही' म्हण. 'तु'वर जोर येतो? नाही. अलगद पुढे जातो. आता 'पक्षी' म्हण. आवाज 'प'वर आपटून थांबतो की नाही? तो आघात आला की अक्षर गुरू."

आम्रपाली पुटपुटली, पक्षी, तुम्ही, पक्षी. मग म्हणाली, "तुम्ही म्हणून दाखवा ना. चालीत. पहिल्यासारखं."

पूर्वी बाई वृत्त शिकवायच्या तेव्हा शेजारच्या वर्गातली पोरं कान द्यायची. दिवाळीनंतर मात्र त्यांनी सगळे तास फळ्यावर लिहून काढले होते. त्यांना नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायलाही काहीतरी जोर लागतो. त्यांनी ओळ म्हटली.

"पक्षी उडाला नभ मोकळे हे."

टेबलावर बोटं आपोआप पडत गेली. 'पक्' वर जड, मग जड, मग हलकं. ओळ संपली आणि पुढची, पत्रिकेत न छापलेली, मागोमाग आलीच.

"झाडावरी या घरटे रिकामे."

खोलीत पंखा फिरत होता. या ओळी त्यांनीच कधीतरी एका दुपारी वृत्ताचं उदाहरण पाहिजे म्हणून जुळवल्या होत्या. तेव्हा फक्त अक्षरं बसतात का ते पाहिलं होतं. ओळ काय म्हणते ते त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. आज ऐकलं. वाटलं होतं, आता आपल्याला काहीतरी होईल. रडू येईल. तसं काही झालं नाही. फक्त टेबलाचं लाकूड बोटांना थंड लागलं, आणि ते थंड लागतंय एवढं कळलं.

आम्रपाली दुसऱ्या ओळीची अक्षरं बोटांवर मोजत होती. "बसतंय बाई. 'झा' तर सरळच गुरू आहे. ही ओळ दिली असती तर माझं चुकलं नसतं."

"म्हणूनच दिली नाही," बाई म्हणाल्या. मग विचारलं, "बाकीच्यांनी काय लिहिलंय?"

आम्रपालीनं खाली पाहिलं.

"जा. मॉनिटरला सांग, सगळ्या पत्रिका परत गोळा करून आण म्हणावं."

पत्रिका आल्या आणि बाईंनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतल्या. एकानं सगळ्या वृत्तांना भुजंगप्रयात लिहिलं होतं. दुसऱ्यानं चेतनगुणोक्ती अलंकाराच्या जागी स्वतःच्या गावाचं नाव. मागच्या बाकावरच्या एका पोरानं वृत्ताचं नाव 'चक्रवाढ व्याज' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, आणि त्याखाली बाईंची लाल खूण होती. म्हणजे वर्गाला केव्हाच कळलं होतं की बाई वाचत नाहीत. लाज वाटायला हवी होती. बाई 'चक्रवाढ व्याज'कडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी त्यावर काट मारली. काट मारताना कागद थोडा फाटला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या गुण बदलायला गुट्टे सरांकडे गेल्या. सरांनी चष्मा काढला. "बाई, गुण आता भरले गेलेत. पालकांना पोरांनी सांगूनही झालं असंल. पुन्हा कमी केले तर बोंबाबोंब होईल. तुमच्यावर आधीच एवढं... जाऊ द्या. कुणी काही म्हणणार नाही."

"कुणी काही म्हणत नाही, तेच झालंय, सर," बाई म्हणाल्या. "मी न वाचता खुणा केल्या. पोरांना ते ठाऊक आहे. एकटी आम्रपाली बोलायला आली. तिचे गुण पण कमी होणार आहेत."

"म्हणजे चूक दाखवली म्हणून तिलाच फटका?"

"चूक आहे ना तिची."

गुट्टे सरांनी चष्मा परत लावला. मग त्यांनी नोंदवही पुढे सरकवली आणि म्हणाले, बोंब झाली तर आपण बघून घेऊ.

बोंब झाली. चार-पाच पालक आले. त्यातल्या एका बापानं शिक्षकांच्या खोलीत आवाज चढवला, दुःख असलं तरी ते पोरांवर कशापायी काढता म्हणाला. बाईंनी त्याच्यापुढे त्याच्या मुलाची पत्रिका ठेवली. 'चक्रवाढ व्याज' वाचून त्या माणसाचा आवाज खाली आला. जाताना सोबत आणलेल्या पोराच्या पाठीत एक धपाटा घातला आणि बाईंना म्हणाला, "माफ करा. तुम्ही बघा याच्याकडं." बाईंना त्याचा राग आला नाही आणि दयाही आली नाही. पण आवाज चढवून तो बोलला ते खरं होतं, हे त्यांना पटलं होतं.

आम्रपाली आणि तेजल, दोघींचे एकेका ठिकाणचे गुण गेले आणि दोघी पुन्हा सारख्याच राहिल्या. तेजल दोन दिवस आम्रपालीशी बोलली नाही. तुला कुणी सांगितला होता शहाणपणा, असं तिनं सुनावल्याचं बाईंच्या कानावर आलं. तिसऱ्या दिवशी दोघी एकाच डब्यातून ठेचा-भाकरी खाताना दिसल्या.

बाईंना घरी गेल्यावर अजूनही काही वाटत नव्हतं. भाजीत मीठ पडलं की नाही, हे त्यांना जेवण झाल्यावरही सांगता आलं नसतं. पण पत्रिकेवरचं उत्तर त्या आता वाचत. शब्द न् शब्द वाचत. पेन टेकवण्यापूर्वी ओठ हलायचे.

जानेवारीत मालिनी वृत्ताचा तास होता. बाईंनी फळ्यावर लक्षण लिहिलं, न न म य य, आणि खडू खाली ठेवला. वर्ग वाट बघत होता. पहिली सहा अक्षरं लघू, धावत जाणारी. मग एकामागोमाग गुरू. बाईंनी ओळ म्हणायला सुरुवात केली, मध्येच एका अक्षरावर अडखळल्या, आणि थांबल्या. मागून कुणीतरी खुसखुसलं. आम्रपालीनं वळून त्याच्याकडे पाहिलं नाही. ती बोटांवर अक्षरं धरून, भुवया आक्रसून बाईंच्या तोंडाकडे बघत होती, पुढचं अक्षर कोणतं येतंय ते ऐकायला.

बाईंनी ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली.