माग थांबले तेव्हा

टेमघरच्या लडकूशेठची चोरी आठ पॉवरलूमच्या खडखडाटात खपून जायची. खाली माग चालायचे, वर माळ्यावर व्हीसीआर. जेवण झालं की सत्तावीस वर्षांचे शेठ ‘डिझाइन बघायला’ वर जायचे आणि नको त्या कॅसेटी लावून बसायचे. एवढ्या हुशार माणसाच्या डोक्यात एक गोष्ट आली नाही, की मागांची विजेची लाईन वेगळी आणि माळ्याची वेगळी.

एका दुपारी मागांची लाईन गेली. आठही माग गप्प झाले, अन् कॅसेटमधल्या बाईचं कण्हणं अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. जिन्यात त्यांची बायको कमळ रिकामा डबा घेऊन उभी होती.

लग्नाला आठ महिने झाले होते आणि रात्री नवरा भिंतीकडे तोंड करून झोपायचा. कमळला वाटायचं, आपणच त्याला आवडत नाही. त्या दुपारी तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “म्हंजे खोट माझ्यात न्हाय. दोन म्हयने वाट बघते. मंग राहनाळला बापाकडं चालले, ती कायमची.”

भिंतीवरच्या जाहिरातींची ताकदीची चूर्णं लडकूने खाऊन पाहिली होतीच, त्यांनी फक्त पोट बिघडलं. आता तो निजामपुऱ्यात डॉक्टर गुलाम हुसेनांपुढे मान खाली घालून बसला. डॉक्टरांनी तपासलं, आडपडदा न ठेवता विचारलं, “पहाटे जाग येते तेव्हा शरीर ठीक असतं?”

“हो.”

“मग मशीन शाबूत आहे. मन तेवढं कॅसेटवर जागं व्हायला शिकलंय. त्याला नवं शिकवायचं, आणि वेळ लागेल.”

व्हीसीआर त्याच दिवशी लडकूच्या बहिणीकडे गेला. डॉक्टरांनी बजावलं, दुपारची वेळ धोक्याची, तेव्हा ती खाली मागांवर काढायची. इच्छा उसळली तर पंधरा मिनिटं थांबायचं, चालून यायचं. ती चढते तशी उतरते. कधी, कशामुळे उसळली ते वहीत लिहायचं. आणि कमळला सगळं सांगून तिची तयारी असेल तर महिनाभर फक्त हात हातात घेणं, डोक्याला तेल, गप्पा.

“पुढे जायला सक्त मनाई,” डॉक्टर म्हणाले. “परीक्षाच नाही, तर नापास कसा होशील?”

बाराव्या दिवशी गडी घसरला आणि व्हिडिओ पार्लरमध्ये जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे रडवेला झाला, “सगळं फुकट गेलं.”

“मागावर सुताची तार तुटली तर काय करतोस?”

“गाठ मारतो.”

“कापडाचं अख्खं थान फाडून टाकत नाहीस ना? वहीत काय लिहिलंय?”

वहीत होतं : व्यापाऱ्याशी भांडण, दुपार रिकामी. ते वाचून कमळ दुपारी डबा घेऊन यायची ती तिथेच थांबू लागली. माळ्यावर आता दोघं जेवायची, भांडायची, खिदळायची.

तेविसाव्या दिवशी दुपारी माळ्यावर ती त्याच्या डोक्याला तेल लावत होती. लडकूने तिचं मनगट धरलं. कितीतरी महिन्यांनी त्याच्या अंगात जान आली होती, तीही समोरच्या माणसासाठी, आणि त्याला रडावंसं वाटलं.

“डॉक्टरांचा म्हयना झाला न्हाय,” कमळ म्हणाली. “सात दिस ऱ्हायलेत.”

“तू मोजतेस?”

“तुमी न्हाय मोजत?” म्हणत ती अशी हसली की आवरेना.

नेमकी तेव्हाच मागांची लाईन गेली. कारखाना चिडीचूप झाला, माळ्यावरचं बाईचं हसणं खाली ऐकू आलं, आणि त्या दुपारच्या आठवणीने सगळ्यांच्या माना वर गेल्या.

“शेठनी नवीन कॅसेट आणली वाटतं,” नवशा कारागीर म्हणाला.

सुताच्या कांड्या भरणाऱ्या पुतळाबाईने कान दिला. “गप रं मेल्या,” ती म्हणाली, “ही आपली कमळ हाय.”