सुधाताईंचे वजनाचे वार

सुधाताईंना मी जिममध्ये पहिल्याच दिवशी दुखावलं. तीस वर्षं योगासनं केलेली बाई, पुढे वाकली की कपाळ सहज गुडघ्यांना टेकायचं. मी पायरीवरून एका पायावर हळू उतरायला सांगितलं, तर गुडघा आत वळला आणि कंबर कलली. पाठीवर झोपवून डंबेल वर ढकलायला लावले, तर हात अर्ध्यातच थरथरले.

"लवचीकपणा भरपूर आहे, ताई. ताकद नाही," मी तोंडावर सांगून टाकलं.

त्या रागावल्या नाहीत. "ह्यांना उचलता आलं पाहिजे गं, वल्लरी," एवढंच म्हणाल्या.

नवरा वेणीमाधव, उजवी बाजू लुळी. एकदा खुर्चीतून घसरले तेव्हा ताईंना आवरले नाहीत. मुलगा देवव्रत दर शनिवारी पुण्याहून येऊन वडिलांना आंघोळ घालायचा. ते घसरले त्या दिवसापासून त्याने वडिलांना वृद्धाश्रमात ठेवायचा धोशा लावला होता. ताईंना नवरा घरातच हवा होता.

मग आम्ही आठवडाच बदलला. सोमवारी आणि गुरुवारी वजनं, मधल्या दिवसांत आसनं. छातीवरून आणि डोक्यावर वजन ढकलायचं, म्हणजे नवऱ्याला पलंगावर वर सरकवता येईल. कंबरेवर वजन ठेवून नितंब उचलायचे, पाठ सरळ ठेवून खुब्यांतून वाकायचं, घोट्यांना रबरी पट्टा लावून आडवं चालायचं. आसनांत मुरलेल्या ताई वजन खाली आलं की अंग सैल सोडायच्या. मी ओरडायचे. हलक्या वजनापासून सुरुवात केली आणि जमलं की थोडंच वाढवलं. बाई चिवट निघाली.

दिवाळीत त्यांनी मुलासमोर करून दाखवलं. पाय फाकवून उभ्या राहिल्या, नवऱ्याचा लुळा गुडघा आपल्या गुडघ्याने अडवला, त्यांच्या कंबरेला बांधलेला पट्टा धरला आणि मांड्यांच्या जोरावर त्यांना उभं केलं. देवव्रतने व्हिडिओ काढला. आश्रमाचा विषय संपला. ताईंनी जिममध्ये पेढे वाटले, मीही दोन खाल्ले.

पुढच्या शनिवारी देवव्रत आला नाही, वाटेत सिन्नरला ट्रॅफिक होतं म्हणे. त्याच्या पुढच्या शनिवारी ऑफिसचं काम निघालं. मग फोनवर, "आई, तुला आता जमतंय की." मला त्या पोराच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

काल ताईंनी डंबेल खाली ठेवले. "मला जमत नाही असं त्याला सांगू का?"

"मग तो पुन्हा आश्रमाचा विषय काढेल."

"हो." त्या घाम पुसत राहिल्या. "शनिवारी हे सकाळपासून दाराकडे बघतात. मी आंघोळ घालायला लागले की डोळे मिटून घेतात. मला देवू समजून आंघोळ घालून घेतात बहुतेक."

मी खाली ठेवलेले डंबेल उचलले.

त्या पुन्हा पाठीवर झोपल्या आणि हात पुढे केले. "दे. आज जरा जड दे. ह्यांचं अंग सुजून वजन वाढायला लागलंय."